काय स्क्वेअर टेस्टचा गृहपाठ तपासताना: अपेक्षित आकडे, डिग्री ऑफ फ्रीडम आणि निष्कर्ष यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात माझ्याकडे बी.कॉम. आणि बी.एस्सी.ची मुलं संख्याशास्त्राच्या शिकवणीला येतात. काय स्क्वेअरचा धडा झाला की आठवडाभर वह्यांचा ढीग पडतो आणि त्याच तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. मुलं, त्यांचे पालक आणि नव्याने शिकवू लागलेले काही मित्र मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. सगळीकडे एकच गणित वापरलं आहे, म्हणजे दर वेळी नवे आकडे डोक्यात घ्यावे लागणार नाहीत.

गणित कोणतं आहे?

चाटी गल्लीतलं एक कापडाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. दुकानदाराने ३०० पावत्या काढल्या. प्रत्येक पावतीवर दोन गोष्टी पाहिल्या: गिऱ्हाईक कोणत्या गटातलं, आणि पावतीवर जास्त रकमेची वस्तू चादर की टॉवेल. गट तीन: सोलापुरातलेच स्थानिक, अक्कलकोटला जाता-येता थांबलेले यात्रेकरू आणि लग्नाच्या आहेराची खरेदी करणारे. हे आकडे सरावासाठी मी बनवलेले आहेत, कोणत्याही खऱ्या दुकानाचे नाहीत.

| गट | चादर | टॉवेल | एकूण |
|---|---|---|---|
| स्थानिक | ६२ | ५८ | १२० |
| यात्रेकरू | ६९ | ३१ | १०० |
| आहेरवाले | ४९ | ३१ | ८० |
| एकूण | १८० | १२० | ३०० |

प्रश्न असा: गिऱ्हाइकाचा गट आणि त्याने घेतलेली वस्तू यांचा एकमेकांशी संबंध आहे का? ५ टक्के पातळीवर तपासा.

वही हातात घेतल्यावर आधी काय पाहायचं?

कडेच्या बेरजा. उजवीकडचे १२०, १००, ८०, खालचे १८०, १२० आणि कोपऱ्यातले ३००. मुलं या आकड्यांकडे हिशेब जुळवण्यापुरतं पाहतात आणि पुढे जातात. या चाचणीत मात्र सगळं तिथूनच निघतं. अपेक्षित आकडे या बेरजांवरूनच तयार होतात. या बेरजा पक्क्या धरल्यावर आत किती मोकळीक उरते, ती डिग्री ऑफ फ्रीडम. आणि निष्कर्षात आपण बोलतो ते या बेरजा सोडून आतल्या चौकटीत जे उरतं त्याबद्दल. म्हणून ज्या वहीत पहिली चूक असते, तिथे दुसरी आणि तिसरीही बहुतेक वेळा सापडते.

अपेक्षित आकडा काढायची बरोबर रीत कोणती?

त्या घराच्या ओळीची बेरीज गुणिले त्याच घराच्या स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. स्थानिक आणि चादर या घरासाठी १२० × १८० ÷ ३०० = ७२.

हे सूत्र पाठ असतं, पण ते का, हे विचारलं की बहुतेक वर्ग गप्प होतो. सरळ आहे. एकूण ३०० पैकी १८० जणांनी चादर घेतली, म्हणजे ६० टक्के. गट आणि वस्तू यांचा काहीच संबंध नसेल, तर हेच ६० टक्के प्रत्येक गटात दिसायला हवेत. १२० स्थानिकांचे ६० टक्के म्हणजे ७२. १०० यात्रेकरूंचे ६०. ८० आहेरवाल्यांचे ४८. उरलेले टॉवेलचे: ४८, ४० आणि ३२.

| गट | चादर (अपेक्षित) | टॉवेल (अपेक्षित) |
|---|---|---|
| स्थानिक | ७२ | ४८ |
| यात्रेकरू | ६० | ४० |
| आहेरवाले | ४८ | ३२ |

सगळं पुन्हा न मोजता अपेक्षित आकडे चुकलेत हे कसं ओळखायचं?

दोन तपासण्या आहेत आणि दोन्ही तोंडी होतात.

पहिली, अपेक्षित आकड्यांच्या बेरजा मूळ तक्त्याच्या बेरजांशी जुळल्या पाहिजेत. ७२ + ४८ = १२०, बरोबर. ७२ + ६० + ४८ = १८०, बरोबर. एक जरी बेरीज जुळली नाही तर पुढचं काही तपासायची गरज नाही, चूक तिथेच आहे.

दुसरी तपासणी मला जास्त आवडते. प्रत्येक घरात मिळालेल्या आकड्यातून अपेक्षित आकडा वजा करा. आपल्या गणितात स्थानिकांच्या ओळीत −१० आणि +१०, यात्रेकरूंच्या ओळीत +९ आणि −९, आहेरवाल्यांच्या ओळीत +१ आणि −१ येतात. प्रत्येक ओळीत बेरीज शून्य. खाली उतरत गेलात तरी −१० + ९ + १ = ०. वजाबाक्यांचा हा स्तंभ वहीत दिसला की माझी नजर आधी तिथेच जाते. बेरीज शून्य येत नसेल तर आकडे कुठून आले हे मुलाला विचारते. बहुतेक वेळा सांगता सांगता त्याचं त्यालाच कळतं.

एका मुलीने सहाही घरांत ५० लिहिलं. ३०० भागिले ६ बरोबर ५० होतात. मग चूक काय?

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, म्हणून जरा थांबून बघू.

χ² म्हणजे प्रत्येक घरातल्या वजाबाकीचा वर्ग त्या घराच्या अपेक्षित आकड्याने भागून केलेली बेरीज. तिच्या वहीत χ² = २५.८४ आलं होतं. आकडेमोड अगदी चोख. १२ चा वर्ग १४४, भागिले ५० म्हणजे २.८८, अशी सहाही पदं नीट मांडून बेरीज केलेली. मी तिला विचारलं, "तुझ्या हिशेबाने यात्रेकरू किती यायला हवे होते?" तिने तक्त्याकडे पाहिलं. "५० आणि ५०, म्हणजे १००." "आणि आहेरवाले?" "तेही १००." मग ती थांबली. "पण मॅडम, आहेरवाले तर ८०च आलेत."

चूक नेमकी तिथे होती. सगळीकडे ५० धरलं की आपण नकळत म्हणतो: तिन्ही गट दुकानात सारख्याच संख्येने येतात, चादर आणि टॉवेल सारखेच खपतात, आणि शिवाय दोन्हींचा संबंध नाही. प्रश्नात फक्त शेवटची गोष्ट विचारली आहे. पहिल्या दोन गोष्टी खोट्या असल्या तरी χ² फुगतं, आणि २५.८४ मधला बराचसा फुगवटा त्यांचाच आहे. बरोबर अपेक्षित आकडे घेतले की χ² साधारण ६.९० येतं.

लक्षात घेण्यासारखं म्हणजे सहाही घरं सारखी आहेत का, हा प्रश्न खरोखर विचारायचा असता तर तिची मांडणी योग्यच होती आणि त्यासाठी ५ ही डिग्री ऑफ फ्रीडमही बरोबर असती. तिने वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. हे तिला सांगितलं पाहिजे. नाहीतर आपण आकडेमोडीत कमी पडलो असं तिला वाटतं आणि पुढच्या वेळी ती तीच आकडेमोड आणखी काळजीने करते.

आणि ओळीची बेरीज अर्धी-अर्धी वाटली तर? ६०-६०, ५०-५०, ४०-४०?

ही जरा शहाणी चूक आहे, कारण ओळींच्या बेरजा जुळतात आणि तपासणाऱ्याची नजर चुकू शकते. स्तंभाची बेरीज करा: ६० + ५० + ४० = १५०, पण चादरी १८० आहेत. इथे मुलाने चादर आणि टॉवेल निम्मे-निम्मे खपतात असं गृहीत धरलं. अशाने χ² १८.६२ येतं. यात चादरीची एकूण लोकप्रियताच मुख्यतः दिसते, गटागटातला फरक त्यात मिसळून जातो.

अपेक्षित आकडा अपूर्णांकात आला तर पूर्ण करायचा का?

नाही. ४७.६ आले तर ४७.६ च ठेवा. अपेक्षित आकडा म्हणजे सरासरी अपेक्षा, अर्धं गिऱ्हाईक दुकानात येणार असा त्याचा अर्थ होत नाही. पूर्णांक केले की बेरजा बिघडतात. माझ्या गणितातले अपेक्षित आकडे पूर्णांकात आलेत, कारण मी आकडे मुद्दाम तसे निवडले आहेत.

मोजलेल्या आकड्यांऐवजी टक्के घेतले तर चालतं का?

चालत नाही, आणि ही चूक उत्तर उलटं करून टाकते. सहाही घरांचे ३०० पैकी टक्के काढून त्यावर χ² काढलं तर बरोबर एक तृतीयांश, म्हणजे २.३० येतं, कारण तुम्ही ३०० पावत्यांना १०० पावत्या समजलात. ३० गिऱ्हाइकांत दिसलेला फरक आणि ३००० गिऱ्हाइकांत दिसलेला तितकाच फरक यांचं वजन सारखं नसतं. ते वजन मोजलेल्या संख्येत असतं आणि टक्क्यांत ते गळून पडतं.

χ² काढताना आणखी कुठे घसरतात?

भागाकारात. वजाबाकीचा वर्ग अपेक्षित आकड्याने भागायचा असतो, काही जण मिळालेल्या आकड्याने भागतात. आपल्या गणितात तसं केलं तर ७.१८ येतं. बरोबर उत्तर ६.९०. दोन्ही आकडे जवळ आहेत आणि निष्कर्षही तोच निघतो, म्हणून ही चूक वर्षभर सापडत नाही. पहिल्या पदाकडे पाहा: १०० ÷ ७२ = १.३९ हवं. १.६१ दिसलं तर भागलंय ६२ ने.

बरोबर मांडणी अशी:

```
स्थानिक   : 100/72 + 100/48 = 1.389 + 2.083 = 3.472
यात्रेकरू  : 81/60 + 81/40  = 1.350 + 2.025 = 3.375
आहेरवाले : 1/48 + 1/32    = 0.021 + 0.031 = 0.052
χ² = 6.899
```

डिग्री ऑफ फ्रीडम २ कशी? घरं सहा आहेत, तर सहा वजा एक पाच का नाही?

यासाठी मी एक गोष्ट करायला लावते. तक्त्याच्या कडेच्या बेरजा तशाच ठेवा आणि आतली सहाही घरं कागदाने झाका. आता मी एक आकडा सांगते: स्थानिक-चादर ६२. लगेच स्थानिक-टॉवेल ५८ असणारच, कारण ओळीची बेरीज १२० आहे. दुसरा आकडा सांगते: यात्रेकरू-चादर ६९. मग यात्रेकरू-टॉवेल ३१. आता आहेरवाल्यांबद्दल मी काही सांगायची गरजच नाही. चादरीच्या स्तंभात १८० − ६२ − ६९ = ४९ उरतात आणि त्यांच्या ओळीत ८० − ४९ = ३१.

मी दोनच आकडे मोकळेपणाने सांगितले, बाकीचे चार बेरजांनी ठरवले. म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम २. सूत्र म्हणजे (ओळी − १) × (स्तंभ − १) = २ × १. अपेक्षित आकडे काढताना आपण कडेच्या बेरजा वापरल्या, म्हणजे त्या पक्क्या धरल्या. वापरलेली मोकळीक परत मोजता येत नाही. "घरं वजा एक" म्हणणाऱ्याने फक्त ३०० ही एकूण बेरीज पक्की धरली आणि बाकीच्या बेरजा वापरल्याचं विसरला.

ही चूक फक्त विद्यार्थीच करतात का?

मुलांचा चेहरा पडला की मी त्यांना हा इतिहास सांगते. काय स्क्वेअर चाचणी १९०० साली कार्ल पिअर्सन यांनी मांडली. अशा तक्त्यांसाठी ते स्वतः घरांच्या संख्येतून एक वजा करत होते, म्हणजे आपल्या गणितात त्यांनी ५ घेतले असते. १९२२ साली रोनाल्ड फिशर यांनी दाखवलं, की कडेच्या बेरजा आकड्यांवरूनच घेतल्या असतील तर (ओळी − १) × (स्तंभ − १) धरायला हवं. पिअर्सन यांना ते पटलं नाही आणि दोघांत वाद झाला. आज सगळी पुस्तकं फिशर यांचं सूत्र देतात. ज्या माणसाने चाचणी शोधली त्यालाही इथे अडखळायला झालं, म्हणून या पायरीला वर्गात एक पूर्ण तास दिला तरी तो वाया जात नाही.

डिग्री ऑफ फ्रीडम चुकली तर उत्तरात कितीसा फरक पडणार?

या गणितात निष्कर्षच उलटतो. ५ टक्के पातळीवर २ डिग्रीसाठी काय स्क्वेअरच्या छापील तक्त्यातली सीमा ५.९९१ आहे आणि ५ डिग्रीसाठी ११.०७०. आपलं χ² ६.८९९. पहिल्या सीमेच्या पलीकडे, दुसरीच्या अलीकडे. म्हणजे ज्याने χ² बरोबर काढलं आणि डिग्री ५ घेतली, तो "संबंध आढळत नाही" असं लिहितो. हे गणित मी मुद्दाम असं बेतलं आहे, कारण पुस्तकातल्या बऱ्याच गणितांत χ² इतकं मोठं असतं की डिग्री कोणतीही घ्या, निष्कर्ष तोच येतो आणि चूक झाकली जाते.

वहीत ६ किंवा २९९ असे आकडेही दिसतात. ते कुठून येतात?

६ येतात ते "एकूण" लिहिलेली ओळ आणि स्तंभही मोजल्यामुळे. तक्ता चार ओळींचा आणि तीन स्तंभांचा दिसतो, मग ३ × २ = ६. तक्ता वहीत उतरवताना बेरजांच्या आधी जाड रेघ ओढायची सवय लावली की ही चूक बरीच कमी होते. २९९ लिहिणाऱ्याने टी-टेस्टची सवय इथे आणली, गिऱ्हाइकांच्या संख्येतून एक वजा केला. इथे गिऱ्हाइकांची संख्या डिग्रीत येतच नाही. घरं किती आहेत त्यावर ती ठरते. ३०० च्या जागी ३००० पावत्या असत्या तरी डिग्री २ च.

मग "घरं वजा एक" हे सूत्र कुठे वापरतात?

एकाच ओळीच्या गणितात. दुकानदार म्हणतो, सोमवार ते शनिवार सहाही दिवस सारखी गर्दी असते. सहा दिवसांचे आकडे घेऊन तपासलं तर डिग्री ५, कारण तिथे फक्त एकूण बेरीज पक्की आहे. पण अपेक्षित आकडे काढण्यासाठी मिळालेल्या आकड्यांवरूनच काही काढावं लागलं, उदाहरणार्थ पॉयसन वितरणाची सरासरी, तर तितकी आणखी वजा करायची. तत्त्व वरचंच.

सीमा बरोबर ओळीतून वाचली, तरी उत्तर विचित्र आलं. असं का?

तक्त्याचा स्तंभ तपासा. काही पुस्तकांत शेपटाचं क्षेत्रफळ उजवीकडून दिलेलं असतं, काहींत डावीकडून. उजवीकडून दिलेल्या तक्त्यात ०.९५ चा स्तंभ वाचला तर २ डिग्रीसाठी ०.१०३ मिळतं. मग जवळजवळ प्रत्येक गणितात शून्य परिकल्पना नाकारली जाते. सीमा डिग्रीपेक्षाही लहान दिसली की स्तंभ चुकला असं समजा. ५ किंवा १ टक्के पातळीवर सीमा नेहमी डिग्रीपेक्षा मोठी असते.

निष्कर्ष कसा लिहायचा?

मी असा लिहून घेते: "χ² = ६.९०, डिग्री ऑफ फ्रीडम २, सीमा ५.९९१. काढलेली किंमत सीमेपेक्षा जास्त आहे, म्हणून ५ टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारतो. गिऱ्हाइकाचा गट आणि घेतलेली वस्तू यांच्यात संबंध असल्याचा पुरावा या पावत्यांतून मिळतो."

वाक्याचा दुसरा भाग मुलं गाळतात. "परिकल्पना नाकारली" इथेच थांबतात. पण कोणती परिकल्पना? काहींनी वर शून्य परिकल्पनाच "संबंध आहे" अशी लिहिलेली असते, त्यामुळे "नाकारली" या शब्दाचा अर्थ उलटा होतो आणि तपासणारा फसतो. शून्य परिकल्पना इथे नेहमी "संबंध नाही" हीच असते, कारण अपेक्षित आकडे आपण तेच धरून काढले. निष्कर्ष वाचण्याआधी पान उलटून पहिली ओळ पुन्हा वाचा.

कोणत्या वाक्यांवर लाल शाई चालवता?

"यात्रेकरू असल्यामुळे ते चादरी जास्त घेतात." संबंध दिसला, कारण दिसलं नाही. कदाचित यात्रेकरू अशा दिवसांत येतात जेव्हा दुकानदार चादरी पुढे मांडतो. तक्त्यात त्याची माहिती नाही.

"संबंध सिद्ध झाला." पुरावा मिळाला असं लिहा. सगळं काही ठीक असताना आणि खरंच संबंध नसतानाही, १०० पैकी सुमारे ५ वेळा सीमेपेक्षा मोठं χ² निव्वळ योगायोगाने येऊ शकतं. ५ टक्के पातळी म्हणजे तेच.

"सर्व सोलापूरकर टॉवेल पसंत करतात." हे वाक्य मी एकदा खरंच वाचलं आहे. स्थानिकांतही १२० पैकी ६२ जणांनी चादरच घेतली. फरक एवढाच की बाकीच्यांच्या तुलनेत त्यांचा चादरीचा वाटा कमी आहे.

आणि जिथे χ² सीमेपेक्षा कमी येतं तिथे: "शून्य परिकल्पना खरी आहे, संबंध नाही." तिथे एवढंच लिहिता येतं की संबंध असल्याचा पुरेसा पुरावा या नमुन्यात मिळाला नाही. ३० पावत्यांवरून काही न सापडणं आणि खरोखर काही नसणं यांत फार अंतर आहे. काही उत्तरपत्रिकांत "स्वीकारली" हा शब्द चालवून घेतात. मी तो खोडून "नाकारता येत नाही" असं लिहिते.

पी-व्हॅल्यू ०.०३२ आली. म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३.२ टक्के का?

नाही. अर्थ असा: गट आणि वस्तू यांचा संबंध मुळीच नसता, तर ६.८९९ किंवा त्याहून मोठं χ² येण्याची शक्यता सुमारे ३.२ टक्के आहे. आधी "संबंध नाही" असं धरून मग शक्यता काढली आहे, त्यामुळे त्याच आकड्यावरून "संबंध नाही" या विधानाचीच शक्यता सांगता येत नाही. तसंच "९६.८ टक्के खात्री आहे" हेही चुकीचं.

डिग्री चुकून ५ घेतली तर पी-व्हॅल्यू ०.२२८ येते. वहीत χ² ६.९० आणि पी ०.२३ अशी जोडी दिसली की डिग्री ५ घेतली आहे हे न विचारताच कळतं.

१ टक्का पातळीवर हेच गणित केलं तर?

सीमा ९.२१०. आपलं ६.८९९ अलीकडे राहतं, परिकल्पना नाकारता येत नाही. यात विसंगती काही नाही. फक्त पातळी गणिताच्या आधी ठरलेली असावी. उत्तर पाहून पातळी निवडली असेल तर मार्क कापावेत, असं माझं मत आहे.

संबंध आहे म्हटल्यावर तो कुठे आहे हे सांगावं लागतं का?

प्रश्नात विचारलं नसलं तरी एक ओळ लिहायला मी सांगते. वरच्या मांडणीत स्थानिकांच्या ओळीचा वाटा ३.४७ आणि यात्रेकरूंचा ३.३८ आहे. आहेरवाल्यांचा जेमतेम ०.०५. चादर घेणारे स्थानिकांत सुमारे ५२ टक्के, यात्रेकरूंत ६९, आहेरवाल्यांत ६१, आणि एकूण ६०. म्हणजे आहेरवाले सरासरीच्या अगदी जवळ आहेत, फरक पहिल्या दोन गटांत आहे. "तिन्ही गट एकमेकांपासून वेगळे आहेत" असं लिहिलं तर ते या आकड्यांत बसत नाही. χ² मोठं आलं म्हणून संबंध घट्ट आहे असंही समजू नये. χ² ला एकूण संख्येने भागून वर्गमूळ काढलं तर इथे ०.१५ येतं. हे माप ० ते १ मध्ये असतं, त्यामुळे आपल्या गणितातला संबंध सौम्यच म्हणायचा. (दोनापेक्षा जास्त ओळी आणि दोनापेक्षा जास्त स्तंभ असतील तर ओळी आणि स्तंभ यांतल्या लहान संख्येतून एक वजा करून त्यानेही भागावं लागतं.)

एकाच गिऱ्हाइकाने चादर आणि टॉवेल दोन्ही घेतले तर दोन्ही घरांत मोजायचं का?

मोजलं तर चाचणीच लागू होत नाही. प्रत्येक पावती एकाच घरात आणि एकदाच पडली पाहिजे. म्हणूनच गणितात "जास्त रकमेची वस्तू" अशी अट घातली. प्रकल्प करणारी मुलं इथे हमखास अडकतात. दिवसभर दुकानात बसून वस्तू मोजतात, गिऱ्हाइकं मोजत नाहीत. एका माणसाने सहा टॉवेल घेतले तर ते सहा स्वतंत्र निर्णय नसतात. शिवाय पावत्या फक्त गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यातल्या असतील, तर निष्कर्षही त्या आठवड्यापुरताच लिहावा.

अपेक्षित आकडा ५ पेक्षा कमी आला तर?

आकडा किमान ५ हवा, हा नियम अपेक्षित आकड्यांचा आहे. मिळालेला आकडा ३ असला तरी चालतं. आपल्याकडे सर्वांत लहान अपेक्षित ३२ आहे, प्रश्नच येत नाही. ५ पेक्षा कमी येत असतील तर अर्थाला धरून शेजारचे वर्ग एकत्र करा आणि डिग्री नव्याने मोजा. वर्ग एकत्र करून डिग्री जुनीच ठेवणं ही याच घराण्यातली चूक.

कॉम्प्युटरवर उत्तर पडताळायचं तर कसं?

पायथॉनमध्ये चार ओळी पुरतात:

```python
from scipy.stats import chi2_contingency
t = [[62, 58], [69, 31], [49, 31]]
chi2, p, df, e = chi2_contingency(t)
print(chi2, p, df, e)
```

यात `e` म्हणजे अपेक्षित आकड्यांचा तक्ता, तो वहीतल्या तक्त्याशेजारी ठेवा. बेरजांची ओळ आणि स्तंभ आत घालू नका, नाहीतर कॉम्प्युटरही डिग्री ६ च देईल. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात हा प्रोग्रॅम आपोआप येट्सची दुरुस्ती लावतो, त्यामुळे हाताने काढलेल्या χ² पेक्षा आकडा कमी येतो. तिथे `correction=False` लिहा.

एक्सेलमध्ये `=CHISQ.TEST` वापरताना एक लक्षात ठेवा. ते χ² देत नाही, थेट पी-व्हॅल्यू देतं, आणि अपेक्षित आकडे तुम्ही दिलेले जसेच्या तसे घेतं. सहाही घरांत ५० दिलेत तरी ते तक्रार करत नाही. डिग्री मात्र निवडलेल्या घरांवरून स्वतः २ धरतं. म्हणजे अपेक्षित आकडे एका प्रश्नाचे आणि डिग्री दुसऱ्याची, अशी खिचडी होऊन एक व्यवस्थित दिसणारा आकडा बाहेर येतो. सीमा पाहायची तर `=CHISQ.INV.RT(0.05,2)`, आणि हाताने काढलेल्या χ² ची पी-व्हॅल्यू हवी तर `=CHISQ.DIST.RT(6.899,2)`.

छापील उत्तरसूचीच चुकीची असेल तर?

असं झालं आहे. एका सराव संचात अशाच तक्त्याला डिग्री ५ छापली होती आणि बरोबर सोडवणाऱ्या तीन मुलांनी उत्तर जुळत नाही म्हणून आपलं बरोबर उत्तर खोडलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी सांगते, की उत्तर जुळलं नाही तर खोडायच्या आधी घरं झाकून किती आकडे मोकळे राहतात ते मोजा, आणि ते मोजणं वहीत लिहून ठेवा. लिहिलेलं असेल तर कोणत्याही तपासणाऱ्याला दाखवता येतं.

पहिल्या पायरीत चूक झाली आणि पुढचं सगळं त्यावरून बरोबर आलं, तर मार्क कसे द्यायचे?

मी पायऱ्या सुट्या तपासते. अपेक्षित आकडे चुकले तर त्यांचे मार्क जातात, पण चुकलेल्या आकड्यांवरून χ² नीट काढलं असेल तर त्या पायरीचे देते. डिग्री चुकली आणि त्या डिग्रीची सीमा बरोबर वाचली, तर वाचण्याचे देते. निष्कर्ष मात्र मी त्याच्या स्वतःच्या आकड्यांशी ताडून पाहते. ज्याने χ² ६.९० आणि सीमा ११.०७० लिहिली, त्याने "नाकारता येत नाही" असं लिहिलं तर निष्कर्षाचे मार्क त्याला मिळतात, आणि समासात मी पेन्सिलीने लिहिते: "सहा घरं झाक. किती सांगावी लागतात?"